सगळ्या आयकॉनांची रेघ २ आहे, तरी एक जाड आणि एक बारीक का दिसतो?

देवगडकाठ · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आमच्या बंदरातल्या मच्छीमार सोसायटीसाठी मी एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. भरती-ओहोटीच्या वेळा, वारा, आज बर्फ आहे की नाही, डिझेल कधी मिळेल, लिलाव किती वाजता, एवढंच त्यात आहे. वापरणारी मंडळी बहुतेक होडीवर किंवा जेटीवर उभी असतात, हात ओले असतात, वर ऊन असतं. म्हणून अक्षरं कमी ठेवून आयकॉन मोठे आणि स्पष्ट करायचं ठरवलं. एकूण १४ आयकॉन आहेत आणि सगळे मीच इंकस्केपमध्ये काढले आहेत.

पहिल्या दिवशी नियम ठरवला होता: रेघेची जाडी २, कोपऱ्याची गोलाई २, रेघेची टोकं गोल. फाइली टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिल्या, प्रत्येकीत रेघ २ च लिहिली आहे. पण अ‍ॅपच्या खालच्या पट्टीत होडी, तराजू आणि डिझेलचा पंप शेजारीशेजारी आले की ते एका हातचे वाटत नाहीत. होडी ठळक दिसते, तराजू अशक्त दिसतो. पंपाचे कोपरे छान गोल आहेत आणि होडीचं नाळेकडचं टोक सुरीसारखं. गेले चार दिवस एकेक आयकॉन थोडा थोडा हलवतोय, पण एक बरा झाला की दुसरा बिघडतो. माझं नेमकं चुकतंय कुठे?

---

चिपळूणचा कोडवाला · सोमवार, रात्री १०:४०

सोपं आहे. SVG मध्ये रेघेला `vector-effect="non-scaling-stroke"` लावा. मग चित्र कितीही लहानमोठं केलं तरी रेघ तेवढीच राहते. मी एका वेबसाइटच्या नकाशात हे वापरलंय, सगळ्या रेषा एकसारख्या येतात. आयकॉन परत काढायची गरज नाही.

---

समुद्राकडची आक्का · सोमवार, रात्री ११:०५

माझाही हाच त्रास आहे बाबा. गुहागरला आमचं घरगुती राहण्याजेवण्याचं आहे, भाच्याने त्याचं अ‍ॅप करून दिलं. माझ्या फोनवर त्याचं चिन्ह गोल दिसतं, सुनेच्या फोनवर चौकोनी कोपरे गोल केलेलं दिसतं, आणि गोलात आमच्या माडाचा शेंडा कापला जातो. कोपऱ्याची गोलाई सगळीकडे एक कशी करायची ते मलाही सांगा.

---

रेघकाम · मंगळवार, सकाळी ७:३०

आक्का, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण दोन ओळीत सुटेल. फोनच्या पहिल्या पडद्यावरचं अ‍ॅपचं चिन्ह कोणत्या आकारात कापायचं ते फोन ठरवतो, भाचा नाही. अँड्रॉइड ८ पासून ते चिन्ह १०८ डीपीच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या पडद्यावरच्या मापाच्या, कागदावर काढतात आणि त्यातला मधला ६६ डीपीचा गोल तेवढा कधीच कापला जात नाही. माड त्या गोलात बसेल एवढा लहान करायला भाच्याला सांगा, बाकी कडेला नुसता रंग राहू दे.

देवगडकाठ, तुमच्या फाइली पाहिल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. होडी, तराजू आणि पंप या तिन्ही फाइलींच्या पहिल्या चार-पाच ओळी इथे टाका. रेघेचा आकडा नको, त्याच्या वरचं हवं. तोवर एक काम करा: फोनवर त्या पट्टीचा स्क्रीनशॉट घ्या, संगणकावर खूप मोठा करा आणि प्रत्येक आयकॉनमधल्या एका सरळ उभ्या रेघेची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. फोन कोणता आहे तेही सांगा.

---

देवगडकाठ · मंगळवार, दुपारी १:१०

फोन ३ पट घनतेचा आहे, म्हणजे २४ डीपीचा आयकॉन ७२ पिक्सेलचा येतो. मोजलं. पंपाची रेघ बरोब्बर ६ पिक्सेल. तराजूची ४ पिक्सेल गडद आणि कडेला एक फिकट. होडीची ७ गडद आणि एक फिकट. डोळ्यांना दिसत होतं ते खरंच होतं तर!

फाइलींमधलं हे:

```
diesel.svg  viewBox="0 0 24 24"
scale.svg   viewBox="0 0 32 32"
boat.svg    viewBox="0 0 24 24"
            <g transform="scale(1.25)">
```

तिन्हीत पुढे `stroke-width:2` आहे. तराजू पहिल्या दिवशी काढला, तेव्हा कागद ३२ चा होता. होडी पट्टीत लहान वाटली म्हणून ती scale ची ओळ मीच हाताने घातली होती, आता आठवलं.

---

रेघकाम · मंगळवार, सायंकाळी ६:५०

मग सगळं उलगडलं. फाइलीतला २ हा आकडा त्या फाइलीच्या स्वतःच्या मापातला आहे, पडद्यावरच्या मापातला नाही.

तराजूचा कागद ३२ चा. तो २४ च्या जागेत बसवला की सगळं पाऊणपट होतं, रेघसुद्धा. २ ची झाली १.५. होडीवर सव्वापट बसवली आहे, तिथे २ ची झाली २.५. पंप जसा आहे तसा, २. म्हणजे तुमच्या पट्टीत दीड, दोन आणि अडीच अशा तीन जाडीच्या रेघा शेजारी बसल्या आहेत. होडीची रेघ तराजूच्या दीडपटीहून जाड आहे. तुमच्या फोनवर हे साडेचार, सहा आणि साडेसात पिक्सेल होतं, आणि तुम्ही मोजलेलं त्याच्याशी जुळतंय. ते कडेचे फिकट पिक्सेल म्हणजे उरलेला अर्धा.

आणि रेघेबरोबर गोलाईही तशीच बदलली आहे. चार दिवस आकार हलवून काही सुधारलं नाही ते यामुळेच. दोष आकारात नव्हताच.

चिपळूणकर, तुम्ही सांगितलेलं ब्राउझरमध्ये चालतं, नकाशासाठी ते योग्यच. पण इथे दोन अडचणी आहेत. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये आयकॉन वेक्टर ड्रॉएबल या रूपात जातात, आणि त्याला ती सूचना कळत नाही. आणि ती रेघ सांभाळते, पण गोलाई पाऊणपट किंवा सव्वापट राहतेच. रेघ सारखी आणि कोपरे वेगळे, हे पाहणाऱ्याला जास्त खटकतं, कारण काय चुकलंय ते त्याला सांगताही येत नाही.

उपाय: कागद एकच ठेवा, २४ बाय २४. होडीचा ग्रुप इंकस्केपमध्ये सोडवा, म्हणजे सव्वापट थेट रेषांमध्ये उतरेल. मग रेघ पुन्हा २ करा. ३२ वर काढलेले आयकॉन मात्र लहान करून वापरू नका, पुन्हाच काढा. ३२ च्या कागदावर ६ वर असलेली रेघ पाऊणपट होऊन ४.५ वर येते आणि जाळीच्या दोन रेषांमध्ये लटकते. २ जाडीची रेघ पूर्ण आकड्यावर असली की तिच्या दोन्ही कडा पूर्ण आकड्यावर येतात: ४ वरची रेघ ३ ते ५. साडेचारवरची रेघ साडेतीन ते साडेपाच. साध्या घनतेच्या पडद्यावर तिच्या दोन्ही कडा धुरकट दिसतात.

---

चिपळूणचा कोडवाला · मंगळवार, रात्री ८:२०

वेक्टर ड्रॉएबलचं मला माहीत नव्हतं, मी वेबवरच असतो. मागे घेतो.

पण १४ फाइली डोळ्यांनी तपासू नका, हे फोल्डरमध्ये चालवा:

```
grep -L 'viewBox="0 0 24 24"' *.svg
grep -l 'transform=' *.svg
grep -ohE 'stroke-width(:|=")[0-9.]+' *.svg | sort | uniq -c
```

पहिली ओळ २४ चा कागद नसलेल्या फाइली दाखवते. दुसरी, आत कुठेतरी लहानमोठं किंवा फिरवलेलं काही असलेल्या फाइली. तिसरी, कोणती जाडी किती वेळा आली आहे ते. इंकस्केप जाडी `style` च्या आत लिहितो आणि दुसरे प्रोग्राम वेगळी लिहितात, म्हणून दोन्ही रूपं शोधली आहेत.

एक मात्र विचारतो. आता बहुतेक फोन २ किंवा ३ पट घनतेचे आहेत. तिथे अर्ध्या पिक्सेलची एवढी काळजी कशाला? १.५ ची रेघ घ्या, नाजूक आणि आधुनिक दिसते.

---

देवगडकाठ · मंगळवार, रात्री ११:३०

चालवलं. १४ पैकी ५ फाइलींचा कागद ३२ चा निघाला आणि ३ फाइलींमध्ये `transform` सापडला. तिसऱ्या ओळीत सगळे २ च, एकही वेगळा नाही. त्या आकड्यावर विसंबूनच मी फसलो होतो.

---

रेघकाम · बुधवार, सकाळी ७:१०

१.५ बद्दल: २ पट घनतेला ती ३ पिक्सेल होते, स्वच्छ. ३ पटीला साडेचार, म्हणजे एक कड थोडी मऊ. बहुतेकांना ती दिसणारही नाही, एवढं चिपळूणकरांचं बरोबर आहे. घरात बसून वापरायच्या अ‍ॅपला मीही १.५ घेतली असती. पण हे अ‍ॅप उन्हात वापरायचं आहे. पडद्यावर आकाश चमकत असताना बारीक रेघ आधी नाहीशी होते. देवगडकाठ, तुम्ही बंदरावरच आहात. एकच आयकॉन दोन्ही जाडीत करा आणि दुपारी बाराला जेटीवर, फोनचा उजेड निम्म्यावर ठेवून, छातीच्या उंचीवर धरून पाहा. तिथे जे दिसेल ते खरं.

---

पाटीवाला · बुधवार, दुपारी ३:००

मी सावंतवाडीत दुकानांच्या पाट्या रंगवतो, गेली २६ वर्षं. संगणक मुलगा बघतो, त्याने हा धागा वाचून दाखवला. मापं जुळवलीत हे चांगलंच, पण मापं जुळली म्हणजे डोळा जुळला असं होत नाही, म्हणून लिहायला लावतोय.

पाटीवर चौकोनी आकार आणि गोल आकार एकाच उंचीच्या दोन रेषांमध्ये बसवले तर गोल लहान दिसतो. त्याची कड रेषेला एका ठिपक्यापुरतीच टेकते, चौकोनाची अख्खी बाजू टेकते. म्हणून आम्ही गोल रेषेच्या किंचित बाहेर काढतो. 'ठ'चा गोल शेजारच्या 'प'च्या पायाच्या रेषेत नेमका बसवलात तर ठ आक्रसलेला वाटेल. तुमच्या चित्रांतही घड्याळ आणि पेटी सारख्या उंचीची ठेवली असतील तर घड्याळ बारकं दिसेल बघा.

---

रेघकाम · बुधवार, रात्री ९:००

काका, अगदी हेच. गूगलच्या मटेरियल आयकॉनच्या आखणीतही तेच धरलं आहे. २४ च्या कागदात चौरस १८ चा, गोल २० चा, उभा आयत १६ बाय २० आणि आडवा २० बाय १६. चारही कडांना २ मोकळे. तुम्ही हाताने जे करता त्याला तिथे आकडे दिले आहेत. देवगडकाठ, होडी लहान वाटत होती ती याच कारणाने. तिला सव्वापट करण्याऐवजी २० बाय १६ च्या आयतात बसवायची होती.

आता कोपरे. तुमच्या होडीचं टोक सुरीसारखं का, ते फाइलीवरून कळलं. पंप तुम्ही आयताच्या साधनाने काढला, त्याला `rx="2"` आहे. होडी पेनने काढली. पेनच्या रेषेला गोलाईचा आकडा नसतोच, तिथे नुसता गोल जोड आहे. दोन्ही 'गोल' वाटतात, पण फरक मोठा आहे. २ ही गोलाई रेघेच्या मध्याची असते. रेघ मध्यापासून दोन्हीकडे १ पसरते, म्हणून पंपाचा बाहेरचा कोपरा ३ चा आणि आतला १ चा होतो. नुसत्या गोल जोडाने बाहेरचा कोपरा १ चा येतो आणि आतला टोकदारच राहतो. ३ शेजारी १. पट्टीत दिसतो तो फरक हाच.

पेनच्या रेषेला इंकस्केपमध्ये `Corners` हा पाथ इफेक्ट लावा आणि गोलाई २ द्या.

---

देवगडकाठ · गुरुवार, रात्री १०:००

कोपरे लावले. होडी, पेटी, जेटी सुरेख झाल्या, एका घरच्या वाटतात. पण मासा बिघडला. बांगड्याची शेपटी दुभंगलेली असते ना, तिची दोन टोकं आखूड होऊन गाठीसारखी झाली. मासा आता चमच्यासारखा दिसतोय. नियम सगळीकडे २ चा, मग इथेच का?

---

रेघकाम · शुक्रवार, सकाळी ७:२०

टोक जितकं निमुळतं, तितकी तीच गोलाई त्याला जास्त खाते. काटकोनाला २ ची गोलाई दिली की कोपऱ्याचं टोक ०.८ ने मागे सरतं, कोणाला कळतही नाही. ६० अंशाच्या कोपऱ्याला तीच दिली तर ते बरोबर २ ने मागे येतं. तुमच्या शेपटीचं टोक साधारण ४० अंशाचं असेल, ते जवळजवळ ४ ने मागे आलं. सगळा मासा २० लांबीचा, त्यातले ४ शेपटीच्या टोकांतूनच गेले तर बांगडा ओळखू कसा येणार? पडताळायचं असेल तर हिशोब असा, θ म्हणजे कोपऱ्याचा कोन:

```
d = r * (1 / sin(θ/2) - 1)
```

म्हणून मी नियम असा करतो: काटकोन आणि त्याहून उघडे कोपरे २. त्याहून मिटलेले १. आणि ४५ अंशाच्या आतलं टोक असेल तर गोलाई द्यायचीच नाही, नुसता गोल जोड पुरे. तिथे रेघेचीच जाडी टोकाला १ ची गोलाई देते आणि मासा मासा राहतो. आकडा एकच ठेवण्यापेक्षा कोपऱ्यांचा मऊपणा एक दिसला पाहिजे. हे तीन आकडे एका कागदावर लिहून भिंतीला लावा, पुढे पंधरावा आयकॉन काढाल तेव्हा लागतील.

पंपाची काचही बघा. बाहेरचा कोपरा २ आणि आतल्या खिडकीलाही २ दिला आहे तुम्ही. दोन्ही कोपऱ्यांमधली पट्टी त्यामुळे कोपऱ्यावर फुगते. आतली गोलाई बाहेरच्यापेक्षा मधल्या अंतराइतकी कमी असायला हवी. तुमचं अंतर ४ आहे, म्हणजे उरतं शून्याखाली. तिथे नुसता गोल जोड ठेवा.

---

रापणीचा पोरगा · शुक्रवार, दुपारी १२:४०

मी मालवणचा, घरची रापण आहे. चित्रकला मला येत नाही, पण तुम्ही टाकलेले आयकॉन वडिलांना दाखवले. होडी, मासा, तराजू लगेच ओळखले. बर्फाला तुम्ही सहा काड्यांचं ते चांदणीसारखं फूल काढलंय ना, त्यावर म्हणाले, "ह्यां चित्र बघून बरफ म्हणान कोणाक कळाचा नाय." त्यांना ते गिअरचं चाक वाटलं. आमच्याकडे आकाशातून बर्फ पडत नाही. बर्फ म्हणजे लादी. ट्रकमधून गोणपाटाखाली येते, फोडून माशावर टाकतात.

जाळं पण बघा. ते मला जाळं वाटलंच नाही, काळा ठोकळा वाटला.

---

देवगडकाठ · शुक्रवार, रात्री ९:४५

बर्फाचं शंभर टक्के पटलं. लादी काढून पाहिली: आडवा ठोकळा, २० बाय १६, कोपरे २. आता ती पार्सलच्या खोक्यासारखी दिसते. कोपरे टोकदार केले तर लादी वाटते, पण मग संचाचा नियम मोडतो.

जाळ्यात उभ्या ६ आणि आडव्या ६ रेघा आहेत, १८ च्या चौरसात.

---

रेघकाम · शनिवार, सकाळी ८:००

जाळ्याचा हिशोब करा. १८ रुंदी, त्यात २ च्या ६ रेघा म्हणजे १२ रेघांनीच खाल्ले. उरले ६, ते ५ फटींत वाटले, प्रत्येकीला १.२. फट रेघेपेक्षा बारीक झाली की डोळा ती भरूनच टाकतो. फट रेघेपेक्षा कधीही कमी नको, म्हणजे २ च्या खाली नाहीच, आणि ३ असेल तर बरं. ४ रेघा घ्या: ८ रेघांचे आणि ३ फटींचे ९, मिळून १७. किंवा ३ च घ्या.

लादीला कोपरे २ च राहू द्या. खोक्यासारखी वाटते कारण तिच्यावर बर्फाची काहीच खूण नाही. एका बाजूने टोच्याने फोडल्यासारखी एक वाकडी चीर काढा, रेघ २, टोकं गोल, आणि कडेला एक सुटा खडा. चिरेच्या वळणांना गोलाई नको, ती ४५ अंशाच्या आतली टोकं आहेत, नियमात बसतं.

---

चिपळूणचा कोडवाला · शनिवार, सकाळी १०:३०

जाळ्यापुरती रेघ १.५ केली तर? ५ रेघा बसतील, फट २.६ च्या वर येते. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

---

रेघकाम · शनिवार, सकाळी ११:१५

लक्षात येतं, याच धाग्याच्या सुरुवातीला आलं होतं. तराजू १.५ चाच होता. मी रेघ बारीक करणार नाही, रेघा कमी करीन.

---

पाटीवाला · शनिवार, सायंकाळी ५:३०

इथे मी रेघकाम यांच्याशी सहमत नाही. पाटीवर 'क्ष' किंवा 'ज्ञ' आला की मी आतल्या रेषा थोड्या बारीक ब्रशने घेतो, बाहेरच्या तशाच ठेवतो. नाहीतर ते अक्षर ओळीत डाग पडल्यासारखं काळं दिसतं. गर्दीच्या आकारात सारखी रेघ जाडच दिसते. थोडं बारीक घेतलं की मग ती सारखी दिसते. मात्र दीड नको, एवढा फरक फार झाला. दोनाच्या जागी पावणेदोन.

---

रेघकाम · शनिवार, रात्री ९:२०

काका, अक्षरांत तुमचं बरोबर आहे, टाइप करणारेही तसंच करतात. माझी भीती दुसरी आहे. १४ आयकॉनांमध्ये एकाला सूट दिली की पुढच्या वेळी दुसरा माणूस दुसऱ्याला देतो, आणि कोडवाल्यांच्या त्या तिसऱ्या ओळीने काही पकडता येत नाही. तरी पावणेदोन डोळ्यांना कसं दिसतं ते मला बघायचं आहे.

---

रापणीचा पोरगा · शनिवार, रात्री १०:१०

रेघा ३ करा की ४, सरळ उभ्या-आडव्या काढल्या तर ती खिडकीची जाळी दिसणार. जाळ्याचे डोळे तिरके असतात, आणि वरच्या दोरीला बोये असतात. खालची कड पाण्यात सैल लोंबते. वरची दोरी, तिच्यावर दोन बोये आणि खाली तीन-चार तिरके डोळे एवढं काढलंत तरी आमच्यातला कोणीही ओळखील.

---

देवगडकाठ · रविवार, रात्री ८:३०

आज दुपारी जेटीवर पाहिलं. १.५ आणि २ दोन्ही पंप एकाच पडद्यावर, उजेड निम्मा. १.५ चा पंप हातात फोन थोडा कलला की पांढऱ्यात विरतो, २ चा राहतो. सोबत तीन खलाशी होते, तिघांनीही २ वर बोट ठेवलं. २ पक्की.

३२ वाले पाचही आयकॉन पुन्हा काढले. ते `transform` वाले तीन सोडवून रेघ २ केली आणि आखणीच्या चौकटींत बसवले. माशाचं शरीर २, तोंड १, शेपटीला नुसता गोल जोड. बांगडा परत आला. घड्याळ २० चं, पेटी १८ ची. काका, तुम्ही म्हणालात तसंच, आता दोन्ही सारखी वाटतात. लादीवर चीर आणि खडा काढला. स्क्रीनशॉटमध्ये जाळं सोडून बाकी तेराही आयकॉनांची रेघ ६ पिक्सेल भरते.

दोन गोष्टी राहिल्या. जाळं तिरक्या डोळ्यांचं आणि बोयांचं काढलंय, एक नमुना २ च्या रेघेचा आणि एक पावणेदोनचा. दुसरी अडचण नवीनच आहे. निवडलेल्या टॅबची होडी भरीव करायची आहे. नुसता रंग भरून रेघ काढून टाकली तर भरीव होडी पोकळ होडीपेक्षा लहान होते, आणि टॅब दाबला की उडी मारल्यासारखी दिसते.

---

रेघकाम · रविवार, रात्री ९:०५

रेघ काढू नका. रंगही भरा आणि त्याच रंगाची २ ची रेघही ठेवा, म्हणजे बाहेरची कड आणि कोपऱ्याची ३ ची गोलाई दोन्ही जागच्या जागी राहतील. होडीच्या पोटावरची आडवी फळी भरीव चित्रात दिसेनाशी होईल. तिथे २ रुंदीची मोकळी फट ठेवा, रेघेइतकीच.

जाळ्याचे दोन्ही नमुने पट्टीत शेजारी लावून टाका. कोणता कोणता ते लिहू नका.

---

पाटीवाला · सोमवार, सकाळी ९:४०

होय, न लिहिता टाका. मी फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून बघतो. पाटी मी तशीच बघतो, रस्त्याच्या पलीकडून.